ॲपच्या ढुसण्या: नवख्याने उगाचची खरेदी-विक्री कशी आवरावी

दरवर्षी जुलैत मी ओळखीच्या पाच-पंचवीस लोकांची इन्कम टॅक्स रिटर्नं भरून देतो. त्या निमित्ताने लोकांचे शेअरचे कागद माझ्यासमोर उघडे पडतात. गेल्या वर्षी भाचा आला. जानेवारीत डिमॅट खातं उघडलेलं, ५० हजार टाकलेले, मार्चअखेरपर्यंतचा हिशेब. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, २,९०० प्रॉफिट आहे. टॅक्स किती बसेल तेवढं सांग." पडद्यावर खरोखरच हिरव्या अक्षरांत +२,९०० होते.

मी म्हटलं, टॅक्सचं नंतर बघू, आधी चार्जेसचा कागद काढ. त्याला तो कुठे असतो हेच माहीत नव्हतं. प्रोफाइलमध्ये, रिपोर्ट्समध्ये, तिथून टॅक्स पी अँड एलमध्ये जाऊन, आर्थिक वर्ष निवडून फाईल उतरवावी लागली. हिरवा आकडा मात्र ॲप उघडताच समोर येत होता. दोन आकडे, एक दारात टांगलेला आणि दुसरा माळ्यावर ठेवलेला. हा लेख त्या अंतराबद्दल आहे.

फाईलमध्ये ९२ ऑर्डरी होत्या, म्हणजे ४६ वेळा घेतलं आणि ४६ वेळा विकलं. सगळं डिलिव्हरीत, म्हणजे शेअर डिमॅटमध्ये जमा होऊन मग विकलेले. प्रत्येक वेळी साधारण १० हजारांचा माल, सरासरी आठवडाभर हातात. असा एक फेरा केवढ्याला पडतो ते बघू. त्याचा ब्रोकर दर ऑर्डरीला सरसकट २० रुपये घेत होता, म्हणून घेताना २० आणि विकताना २०. एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा सरकारी कर, डिलिव्हरीत दोन्ही बाजूंना ०.१ टक्का असतो; म्हणजे १० अधिक १०. घेताना स्टॅम्प ड्युटी दीड रुपया. एक्स्चेंजची फी दोन्ही बाजूंची मिळून साठेक पैसे. ब्रोकरेज आणि फीवर १८ टक्के जीएसटी, सव्वासात रुपयांच्या आसपास. आणि विकताना डिमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचा डीपी चार्ज. तो रकमेवर नसून दर कंपनीमागे दर दिवशी लागतो आणि त्याच्या ॲपवर जीएसटी धरून तो १८ रुपयांच्या घरात होता. बेरीज साधारण ८७ रुपये.

१० हजारांवर ८७ म्हणजे पाऊण टक्क्याहून जास्त. शेअर तेवढा वर गेला तरच फेरा बरोबरीत सुटतो. असे ४६ फेरे म्हणजे ४ हजारांच्या थोडं वर. २,९०० च्या हिरव्या नफ्यातून ते वजा केले तर अकराशेच्या आसपास तोटा.

"पण ॲप तर प्रॉफिट दाखवतंय," भाचा म्हणाला. दाखवतंय, कारण बहुतेक ॲपांत तो आकडा फक्त घेतल्या-विकल्या भावातला फरक असतो. खर्च त्यात धरलेला नसतो.

इथे कुणी म्हणेल की माझा ब्रोकर डिलिव्हरीला काहीच घेत नाही. ठीक आहे, ब्रोकरेज आणि त्यावरचा जीएसटी काढून टाका. तरी एसटीटी, स्टॅम्प आणि डीपी चार्ज मिळून फेऱ्याला ४० रुपये उरतातच. तेच १० हजार महिन्यात चार वेळा फिरवले तर वर्षाला ४८ फेरे होतात आणि १,९०० च्या वर रुपये जातात. म्हणजे शून्य ब्रोकरेजवालाही मुद्दलाच्या १९ टक्के खर्च करून बसतो, आणि २० रुपयेवाला ४० टक्क्यांहून जास्त. तेच शेअर एकदा घेऊन वर्षभर ठेवले असते तर खर्च एका फेऱ्याचाच लागला असता.

मग माणूस आठवड्याला फेरा का करतो? भाचा काही जुगारी नाही. भाजीवाल्याकडे दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा मुलगा आहे. मी त्याचा फोन तासभर मागून घेतला आणि बाजार चालू असताना नुसता बघत बसलो.

सव्वानऊला बाजार उघडला. पंधरा-वीस मिनिटांत पहिली सूचना आली: तुमच्या वॉचलिस्टमधला अमुक शेअर ४ टक्के वर. सूचनेवर बोट ठेवलं की थेट त्या शेअरचं पान, त्याचा एका दिवसाचा आलेख, खाली मोठं हिरवं 'बाय'. एका दिवसाचा आलेख आपोआप उघडतो हे महत्त्वाचं आहे. पाच वर्षांच्या आलेखात आजचे ४ टक्के शोधूनही सापडत नाहीत. एका दिवसाच्या आलेखात तेच कड्यासारखे उभे दिसतात. मुखपृष्ठावर 'आजचे सर्वाधिक वाढलेले' आणि 'सर्वाधिक खरेदी झालेले'. पोर्टफोलिओचा आकडा सेकंदासेकंदाला हिरवा-लाल होत राहतो. ऑर्डरच्या पानावर डिलिव्हरीला १०,००० लागतील असं दिसतं, आणि बाजूच्या इंट्राडेवर, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायच्या प्रकारावर, बोट ठेवलं की तोच आकडा २,००० होतो. पाचपट उधारी मिळाली असं तिथे लिहिलेलं नसतं. स्वस्त झाल्यासारखं वाटतं. तिसरा पर्याय एमटीएफचा, 'आत्ता थोडे भरा, बाकी आम्ही घालतो' अशा भाषेत. त्यावर रोज व्याज चढतं, ते बारीक अक्षरांत. शेवटी बटण उजवीकडे सरकवायचं. फोन हलकेच थरथरतो, बरोबरची खूण उमटते.

यातलं प्रत्येक एकेकटं निरुपद्रवी आहे. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारा जसा काही वाईट माणूस नसतो, तसंच. पण पंगतीत वाढप्याला जिलेबीमागे पैसे मिळत नाहीत. इथे ब्रोकरची कमाई ऑर्डरींवर, इंट्राडे आणि एफ अँड ओच्या, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांच्या, ब्रोकरेजवर आणि एमटीएफच्या व्याजावर असते. तुम्ही घेऊन स्वस्थ बसलात तर तुमच्याकडून त्याला जवळजवळ काही मिळत नाही.

या ढुसण्यांचा परिणाम मोजलेलाही आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या सिक्युरिटीज कमिशनने २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना नकली बाजारात व्यवहार करायला दिले आणि एका गटाला दर खरेदी-विक्रीला पॉइंट दिले. पॉइंटांची किंमत नगण्य होती, तरी त्या गटाने ३९ टक्के जास्त व्यवहार केले. दुसऱ्या गटाला 'सर्वाधिक व्यवहार झालेले शेअर' ही यादी दाखवली, तर त्यांनी त्या यादीतल्या शेअरांत १४ टक्के जास्त व्यवहार केले. अमेरिकेत रॉबिनहूड नावाच्या ॲपवर पहिल्या व्यवहारासारख्या टप्प्यांवर पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडायचे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये तक्रार केली, त्यात हा मुद्दा होता. मार्च २०२१ मध्ये कंपनीने ते तुकडे बंद केले. आपल्याकडे तसे तुकडे कमी उडतात. आपल्याकडे स्क्रॅच कार्ड, मित्राला जोडल्याचं बक्षीस आणि आलेख जास्त.

आपल्याकडचे आकडे बाजाराच्या नियामकाने, सेबीने, काढले आहेत. जुलै २०२४ च्या अभ्यासात दिसलं की २०२२-२३ या वर्षात शेअरांत इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त व्यवहार करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होतं. म्हणजे सरावाने हात बसत नव्हता, उलट व्यवहार वाढले तसे तोट्यातले लोक वाढले. सप्टेंबर २०२४ मध्ये एफ अँड ओचा अभ्यास आला. तीन वर्षांत एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा, सरासरी माणशी दोनेक लाख. लॉगिन केल्यावर 'दहापैकी नऊ जणांना तोटा होतो' अशी जी चौकट येते, ती सेबीच्याच आदेशावरून येते. भाचा ती चौकट कशी बंद करतो ते मी पाहिलं. डोळे वर न करता, अंगठ्याने, डास मारावा तशी.

आता करायचं काय. ॲप काढून टाका हा सल्ला मी देत नाही, कारण शेअर ठेवायला ते लागणारच. ॲपने वाटेतले जे अडथळे काढून टाकलेत त्यातले काही परत आणून ठेवायचे, एवढंच करायचं आहे. एका रविवारी दोन तास पुरतात.

पहिली पायरी: स्वतःची मोजणी

चार्जेसचा आणि व्यवहारांचा रिपोर्ट उतरवा, गेल्या तीन महिन्यांचा. एसआयपीचे हप्ते त्यातून वगळा, ते मोजायचे नाहीत. उरलेल्या विक्रीच्या ओळी मोजा आणि एकूण खर्चाला तुमच्या सरासरी गुंतवलेल्या रकमेने भागा. भाच्याचं गणित चार हजार भागिले पन्नास हजार, म्हणजे तीन महिन्यांत ८ टक्के. अख्ख्या वर्षात चांगला म्युच्युअल फंड जे देईल अशी आशा आपण धरतो, त्यातला मोठा हिस्सा तिमाहीत खर्चात गेला.

खर्चाशिवाय आणखी दोन खुणा त्या फाईलमध्ये सापडतात. एक म्हणजे तोच शेअर विकून काही दिवसांत जास्त भावाने परत घेतलेला. भाच्याच्या यादीत असे सहा होते, त्यातल्या एका सरकारी बँकेच्या शेअरच्या तीन फेऱ्या. दुसरी खूण वेळेची. ब्रोकर व्यवहारांची जी पावती पाठवतो त्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर प्रत्येक ऑर्डरची वेळ छापलेली असते. त्याच्या निम्म्याहून जास्त खरेद्या साडेनऊ ते दहाच्या दरम्यानच्या निघाल्या. सकाळी उठून रोज त्याच अर्ध्या तासात कुणाला नवी गुंतवणूक सुचत नसते. त्या खरेद्या म्हणजे सूचनेला दिलेल्या ओ होत्या.

दुसरी पायरी: सूचना

ॲपमधल्या सेटिंगात जाऊन भाव, बातम्या, ऑफर, 'तुमच्यासाठी' या सगळ्या बंद करा. पुष्कळदा तिथे अर्ध्याच बंद होतात, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार दिसतात तिथेही जा. ऑर्डर पूर्ण झाली किंवा रद्द झाली एवढीच सूचना ठेवा. व्हॉट्सॲपवर ब्रोकर पाठवतो ते म्यूट करा.

एक खबरदारी: डिमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या सीडीएसएल किंवा एनएसडीएल या संस्थांकडून आणि एक्स्चेंजकडून येणारे एसएमएस-ईमेल बंद करू नका. तुमच्या खात्यातून शेअर बाहेर गेले हे तिथूनच कळतं, आणि ते तुम्ही केलं नसेल तर पहिला सुगावा तोच.

वॉचलिस्टही याच वेळी साफ करा. भाच्याच्या वॉचलिस्टमध्ये ५३ नावं होती. रोज ५३ मधलं एखादं तरी ४ टक्के हलणारच. त्याने ती आठवर आणली.

तिसरी पायरी: नको ती दारं बंद

खातं उघडताना घाईघाईत टिक केल्यामुळे एफ अँड ओ चालू झालेलं असू शकतं. प्रोफाइलमध्ये सेगमेंट्स किंवा तशाच नावाखाली बघा आणि बंद करा. काही ब्रोकरांकडे 'किल स्विच' असतो, त्याने निवडलेला सेगमेंट काही तास तरी बंद राहतो. एमटीएफ वेगळं चालू झालेलं असेल तर तेही बंद करा. इंट्राडे मात्र बहुधा वेगळं बंद करता येत नाही, ते शेअरांच्या सेगमेंटमध्येच येतं. म्हणून ऑर्डरच्या सेटिंगमध्ये आधीपासून निवडलेला प्रकार डिलिव्हरी आहे ना ते तपासा. चुकून इंट्राडेत घेतलेला शेअर दुपारी तीननंतर ब्रोकर स्वतःहून विकून टाकतो, त्याची वेगळी फी लावतो, आणि इंट्राडेचं उत्पन्न सट्ट्याच्या धंद्यात धरलं जात असल्याने नोकरदाराचंही रिटर्न आयटीआर-३ मध्ये जातं. भाच्याने तीन महिन्यांत तेवढं एक केलं नव्हतं, म्हणून माझे हाल वाचले.

आता जी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी वाटते आणि जी कुणी सांगत नाही. ॲप तुम्हाला कधी ना कधी डीडीपीआय सही करायला सांगेल, 'एका टॅपमध्ये विका' असं म्हणून. डीडीपीआय म्हणजे तुम्ही विकलेले शेअर डिमॅटमधून काढायचा अधिकार ब्रोकरला आधीच देऊन ठेवणं. तो दिला नाही तर विकताना सीडीएसएलच्या पानावर टीपिन टाकावा लागतो, मग मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकावा लागतो. कटकट आहे. ती कटकट नवख्याने जपून ठेवावी. भाच्याने डीडीपीआय दिलेला होता. तो रद्द करायला ब्रोकरला अर्ज पाठवावा लागला. याचा एक तोटाही आहे: अमुक भाव आला की आपोआप विकणारी ऑर्डर लावून ठेवली असेल आणि शेअर आधी मंजूर केलेले नसतील, तर ती अडते. पण वर्षाला चार-पाचदा विकणाऱ्याला हा तोटा जाणवणार नाही.

चौथी पायरी: पैसे बँकेत

ब्रोकरच्या खात्यात पडून असलेले पैसे हातातल्या सुट्ट्या पैशांसारखे असतात, जत्रेत ते टिकत नाहीत. शेअर विकला की आलेली रक्कम त्याच दिवशी दुसऱ्या शेअरात घालता येते आणि ॲप तेच सुचवतं. त्याऐवजी विक्रीनंतर रक्कम बँकेत काढण्याची विनंती टाका. न वापरलेले पैसे ठरावीक काळाने परत करणं ब्रोकरवर सेबीने बंधनकारक केलं आहे आणि हा काळ महिन्याचा की तिमाहीचा हे आपल्याला निवडता येतं. महिन्याचा निवडा. यूपीआयने पैसे परत टाकायला अर्धा मिनिट लागतं हे खरं, पण बँकेच्या ॲपवर आपली शिल्लक दिसते, घरभाडं आणि हप्ता तिथेच दिसतो.

पाचवी पायरी: ऑर्डर संध्याकाळी

बाजार चालू असताना ऑर्डर टाकायची नाही, एवढा एकच नियम. दुपारी साडेतीनला बाजार बंद होतो. त्यानंतर बहुतेक ॲपांत एएमओ, म्हणजे दुसऱ्या दिवसासाठीची ऑर्डर टाकता येते. तेव्हा पडद्यावर काही हलत नसतं, आकडा स्थिर असतो, आणि माणूस पाच वर्षांचा आलेख उघडून बघतो.

त्याआधी कागदावर तीन ओळी लिहायच्या: काय घेतोय, का घेतोय, आणि कुठली गोष्ट घडली तर विकीन. भावाची हालचाल हे 'का' चं उत्तर चालणार नाही. भाच्याची पहिली चिठ्ठी होती, "खूप पडलाय." मी ती परत दिली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून बसला, कर्ज किती ते बघितलं, आणि शेअर घेतलाच नाही.

ऑर्डर लिमिटची, म्हणजे भाव आपण ठरवून दिलेली, टाकायची, मार्केटची नाही. रात्री टाकलेली मार्केट ऑर्डर सकाळी ज्या भावाला बाजार उघडेल त्या भावाला लागते, आणि रात्रीत बातमी आली असेल तर तो भाव भलताच असू शकतो. लिमिट टाकल्यावर कधीकधी भाव वर उघडतो आणि ऑर्डर लागत नाही. मग ती सकाळी सुधारायची नाही. संध्याकाळी पुन्हा बघायचं. निसटलेल्या अशा शेअरांची भाच्याला सुरुवातीला फार चुटपुट लागायची, म्हणून त्याने वहीत वेगळं पान केलं: न लागलेल्या ऑर्डरी आणि महिन्यानंतरचा भाव. त्यातले काही वर गेले, काही खाली आले.

ही व्यवस्था ज्यांना उपयोगी नाही असेही लोक आहेत. ट्रेडिंगच करायचं असं ठरवून, वेगळी रक्कम बाजूला काढून, नोंदी ठेवून जे करतात त्यांचं गणित निराळं. आणि कर्जाच्या पैशांतून तोटा भरून काढायला आणखी मोठ्या ऑर्डरी टाकणाऱ्याला सेटिंगं बदलून काही होणार नाही. त्याने घरच्या कुणाला तरी आकडे दाखवावेत आणि लागली तर डॉक्टरची मदत घ्यावी.

भाच्याने हे जुलैच्या शेवटी केलं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर मिळून त्याच्या सात ऑर्डरी झाल्या, सहा खरेदीच्या आणि एक विक्रीची. खर्च अडीचशेच्या आसपास. दिवाळीला भेटला तेव्हा मी विचारलं, आता ॲप उघडतोस का रे? त्याने फोनमधला स्क्रीन टाइम दाखवला. आदल्या दिवशी अकरा वेळा उघडलेलं होतं. "बघतो फक्त," म्हणाला, "करण्यासारखं तिथे काही ठेवलंच नाहीये तुम्ही."